घरगुती अडचण

अर्जातलं वाक्य मी सांगितलं होतं, म्हणून हे मीच लिहायला हवं.

तेजल माझ्या मुलीची मुलगी. तिचे आईवडील नाशिकला असतात. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स झाल्यावर तिला लोणावळ्याच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये नोकरी लागली आणि ती माझ्याकडे तळेगावला राहायला आली. त्याला सहा वर्षं झाली. आधी रिसेप्शनवर होती, गेल्या वर्षी ड्यूटी मॅनेजर झाली. त्या दिवशी आम्ही दोघींनी श्रीखंड खाल्लं होतं आणि मी गल्लीत चार घरी सांगून आले होते.

मग यंदाच्या पावसाळ्यानंतर कधीतरी तिचं घरातून निघणं लांबायला लागलं. डबा भरलेला, केस बांधलेले, बूट घातलेले, आणि ही उंबऱ्यापाशी उभी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. "काही विसरलीस का?" असं मी स्वयंपाकघरातून विचारायची. "नाही," म्हणायची आणि तरी उभीच. मला वाटायचं, फोनमध्ये काही बघत असेल. आजकाल सगळेच उभे राहून फोन बघतात. तिच्या हातात फोन नसायचा हे मला आता आठवतं.

डिसेंबरचा पहिला मंगळवार होता. मंगळवारी तिची सुट्टी असते, कारण शनिवार-रविवार त्यांच्याकडे पाऊल ठेवायला जागा नसते. मी हरभऱ्याची पानं निवडत बसले होते. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, रजेचा अर्ज कसा लिहितात गं?"

"एवढी शिकलीस, अर्ज येत नाही?"

"अर्ज येतो. कारण येत नाही."

मी हसले. मला ते चांगलं उत्तर वाटलं.

"झालंय काय पण?"

"काही नाही झालं. तेच तर."

"कुणी काही बोललं का? तो तुझा साहेब?"

"धवल सर? नाही गं. ते चांगले आहेत."

"मग एखाद्या मुलाचं काही..."

"आजी!"

"बरं, राहिलं."

ती भाजीची एक काडी घेऊन तिचे तुकडे करत बसली. मग म्हणाली, "मला तिकडे उभं राहवत नाही. माणसं येतात, मी हसते, चावी देते, आणि सगळं कुणीतरी दुसरीच करतेय असं वाटतं. फोन वाजला की मी दचकते. कुठलाही फोन. तुझा वाजला तरी. मला थोडे दिवस नको आहे हे. असं लिहू?"

"असं लिहितात होय!" मी म्हणाले. "असं लिहिलंस तर तुला वेड लागलंय म्हणतील. लिही, घरगुती अडचणीमुळे. त्यावर कुणी काही विचारत नाही."

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत होते, त्यातली शेवटची सतरा मुख्याध्यापिका म्हणून. या दोन शब्दांवर मी किती सह्या केल्या असतील! लग्नं, बाळंतपणं, भातकापणी, कोर्टाच्या तारखा, नवऱ्याची दारू, सगळं या दोन शब्दांत बसायचं. ते शब्द म्हणजे चांगल्या घरातल्या पडद्यासारखे. पलीकडे काय आहे ते आत येणाऱ्यानं विचारायचं नसतं.

तेजलनं मान हलवली आणि आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं येऊन म्हणाली, "मिळाली. बुधवार ते रविवार."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?"

मला स्वतःचं कौतुक वाटलं, हेही लिहायला हवं.

ते पाच दिवस तिनं कसे काढायला घेतले ते मी बघत होते. झोपायची, पण झोप लागायची नाही. डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत पडायची. मी शिरा केला, तिनं दोनच घास खाल्ले. मी म्हटलं, चल, इंदुरीला जाऊ, किल्ल्यातल्या देवीची ओटी भरून येऊ, येताना नदीवर बसू. "नंतर जाऊ," म्हणाली. रजा मिळाली म्हणजे माणूस बरं व्हायला लागतं असं मला वाटत होतं. इथं तर तिचा फोन वाजला की ती आधीपेक्षा जास्त दचकत होती.

शुक्रवारी सकाळी मी बाजारातून परत येत होते. एका पिशवीत मेथी आणि मुळे, दुसरीत इंद्रायणी तांदूळ, पाच किलो. माझं वय चौऱ्याहत्तर, पण पिशवी मी कुणाला देत नाही. आमच्या फाटकाशी एक गाडी उभी होती आणि एक पस्तिशीचा माणूस हातात फळांची करंडी घेऊन घरावरची पाटी वाचत होता.

"मावशी, माधवी आजींचं घर हेच का?"

"हेच. काय काम होतं?"

"त्यांना बघायला आलो होतो. आता कशा आहेत?"

"बघा की," मी म्हणाले. "समोर उभी आहे."

मी गमतीत म्हणाले होते. तो हसला नाही. त्यानं आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग हातातल्या पिशव्यांकडे, मग पुन्हा पायांकडे.

"म्हणजे... तुमचं ऑपरेशन?"

"कसलं ऑपरेशन? मोतीबिंदूचं झालं, त्याला चार वर्षं झाली. आपण कोण?"

"मी धवल. तेजलच्या ऑफिसातला. पुण्याला चाललो होतो, म्हटलं वाटेत..." तो थांबला. घरातल्या खिडकीचा पडदा हलला. आम्ही दोघांनीही तो हलताना पाहिला आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

शिक्षकी पेशातल्या माणसाला खोटं ओळखायला वेळ लागत नाही. मला तेवढ्यात सगळं कळलं. तेव्हासुद्धा काहीतरी सुचायला हवं होतं, निदान कमरेवर हात तरी ठेवायला हवा होता. मी तांदळाची पिशवी धरून ताठ उभी राहिले.

"माझाच काहीतरी गैरसमज झाला असेल," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यानं जास्त लाज वाटली. करंडी त्यानं फाटकाच्या खांबावर ठेवली. "घ्या आजी. फळांचं काय, कुणीही खावीत. आणि तेजलला सोमवारी अकरा वाजता यायला सांगा. फोन नको म्हणावं, समोर येऊ दे."

गाडी गेली. मी करंडी उचलून आत आणली. सफरचंदं, किवी, वर चमकीचा कागद. तेजल स्वयंपाकघरात फरशीवर, गॅसच्या सिलिंडरला टेकून बसली होती.

"तू का सांगितलंस?" ती म्हणाली.

"काय सांगितलं मी?"

"की तू बरी आहेस."

असं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी तिच्याशेजारी खाली बसले. उठायला त्रास होतो म्हणून मी खाली बसत नाही, पण बसले.

मग तिनं सांगितलं. त्यांचा अर्ज फोनवर भरायचा असतो. तिनं 'कौटुंबिक' हे कारण निवडलं, माझ्या शब्दांना तिथं तेवढंच जवळचं होतं. ते निवडल्यावर पुढचा प्रश्न आला: लग्न, निधन, की घरातलं आजारपण? दुसरं काही नव्हतंच. तिनं आजारपण निवडलं. मग विचारलं, कुणाचं? घरात आम्ही दोघीच. तिनं 'आजी' लिहिलं. पाच मिनिटांत धवलचा फोन आला, "काय झालं गं आजींना?" ती म्हणाली, "पडली." "फ्रॅक्चर आहे का?" "हो." "खुबा? माझ्या आजीचं हेच झालं होतं, ऑपरेशन करावं लागलं." "हो सर."

"मी फक्त हो म्हणत गेले," तेजल म्हणाली. "आणि ते म्हणाले, जा, इकडचं मी बघतो, माझ्या आजीला मला वेळ देता आला नव्हता. आजी, ते फोनवर रडवेले झाले होते."

मी मेथीची पिशवी जवळ ओढली.

"मी राजीनामा देते. राजीनाम्यात कारण लिहायला लागत नाही."

"लिहायला लागतं," मी म्हणाले. "मला माहीत आहे काय लिहितात ते."

इथं मला नंदाबाईंबद्दल सांगायला हवं. तेजललाही मी त्याच दुपारी सांगितलं, त्या फरशीवर बसून, आणि त्याआधी कुणालाच नाही.

एक्क्याण्णव साल असेल. मी इंदुरीच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. नुकतीच झाले होते, लाल शाईचं पेन तेव्हा मला दागिन्यासारखं वाटायचं. नंदाबाई आमच्याकडे दुसरीच्या वर्गाला होत्या. सासर परंदवडीचं, घरची चांगली शेती. पंचविशीच्या असतील. सकाळी एसटीनं तळेगाव आणि तिथून इंदुरी. मुलांना गाणी फार छान शिकवायच्या. मग त्या वर्षी त्यांचं गाणं बंद झालं. मुलं पाढे म्हणायची आणि या खिडकीबाहेर बघत असायच्या. एक दिवस माझ्या टेबलावर अर्ज आला. चारच ओळी, सुरेख अक्षर. "माझे मन जाग्यावर नाही, तरी मला दोन दिवसांची किरकोळ रजा मिळावी, ही विनंती."

मी त्यांना बोलावलं. "अहो नंदाबाई, असं लिहितात का?"

"पण तसंच हाय बाई," त्या म्हणाल्या. शाळेत त्या शुद्ध बोलायच्या, त्या दिवशी घरचं बोलल्या. "काय झालं म्हनाल तर काय बी न्हाई झालं."

"हे दफ्तरी राहतं. उद्या तपासणीला साहेब आले तर तुम्हाला वेडी ठरवतील. आणि मला विचारतील, अशा बाईला वर्ग कसा दिला?" मी लाल शाईनं ती ओळ खोडली. "घरगुती अडचणीमुळे, असं लिहा. पुन्हा लिहून आणा."

त्यांनी आणला. मी सही केली. त्यांचं भलं केलं असं मला वाटलं. त्यात थोडं माझंही भलं होतं, ते मी तेव्हा पाहिलं नाही.

नंदाबाई दोन्ही दिवस सकाळी नेहमीसारख्या डबा घेऊन घरातून निघाल्या आणि तळेगाव स्टेशनच्या बाकावर जाऊन बसल्या. दिवसभर. संध्याकाळी घरी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाकट्याला ताप भरला म्हणून त्यांचे यजमान, महिपती, सायकल मारत शाळेत आले. दाराशी उभे राहून म्हणाले, "मोठ्या बाई, आमची मंडळी कुटं हायेत?"

"त्या रजेवर आहेत," मी म्हणाले.

"रजेवर? डबा घिऊन गेली की सकाळी."

मी गांगरले. शाळेवर काही येऊ नये, एवढंच माझ्या मनात. कपाटातून फाइल काढली आणि अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बोट ठेवून, शब्द जुळवत वाचलं.

"घरगुती अडचन?" ते म्हणाले. "आमच्या घरात कसली अडचन हाय? काय कमी केलं आमी हिला? चार लोकांच्या शाळंत हिनं लिवून दिलं व्हय, घरात अडचन हाय म्हनून?"

बघा, पडदा म्हणून दिलेला शब्द, आणि तो घराकडेच बोट दाखवत होता. मी तोपर्यंत कधी त्या शब्दांचा अर्थच लावला नव्हता. महिपती वाईट माणूस नव्हता. त्याला मनातून लागलं होतं. तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं, "ते शब्द माझे आहेत. तुमच्या बायकोनं घराबद्दल काहीच लिहिलं नव्हतं." खोडलेला पहिला अर्ज माझ्या टेबलाच्या खणात होता. तो काढून दाखवला असता तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "तुमच्या घरचं तुम्ही बघा."

महिन्याभरात नंदाबाईंचा राजीनामा आला. कारण म्हणून त्यांनी लिहिलं होतं, घरगुती अडचणीमुळे. मीच शिकवलं होतं ना.

तेजलनं हे सगळं ऐकलं. मग म्हणाली, "त्यांनी खरं लिहिलं होतं पहिल्यांदा."

"हो."

"शब्द कुठून सुचले गं त्यांना? मला तर तेवढेही सुचत नाहीत."

शनिवारी सकाळी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती मानसोपचार करणाऱ्या डॉक्टर नीरजा यांच्या नावानं. तळेगावातच, औषधाच्या दुकानाच्या वर दवाखाना. जिन्यात मी आजूबाजूला बघितलं, ओळखीचं कुणी बघत तर नाही ना. माझी लाज अशी पायऱ्या चढतानासुद्धा सोबत होती. वर बसलेल्यांत माझा एक जुना विद्यार्थी निघाला, दाढी पांढरी झालेला. त्यानं नमस्कार केला आणि मी त्याची नजर चुकवली, मग माझीच मला शरम वाटली आणि मी त्याला आईची खुशाली विचारली.

तेजल आत पाऊण तास होती. मग डॉक्टरांनी तिला विचारून मलाही बोलावलं. चाळिशीच्या बाई, टेबलावर अर्धा प्यालेला चहा.

"तेजलला आजार आहे," त्या म्हणाल्या. "बरा होणारा आहे. औषध सुरू करतेय, त्याचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. दर आठवड्याला बोलायला यायचं. आणि मी तीन आठवडे विश्रांती लिहून देतेय."

"डॉक्टर, त्यात आजाराचं नाव लिहाल?" तेजलनं विचारलं.

"तुम्ही सांगाल तर लिहीन. रजेसाठी लागत नाही. तुम्ही माझ्या उपचाराखाली आहात, वैद्यकीय कारणानं अमुक तारखेपर्यंत कामावर जाऊ शकत नाही, एवढं पुरतं. खाली माझं नाव, नोंदणी क्रमांक. माझा शिक्का पाहून ज्याला कळायचं त्याला कळेल, ते मात्र मला टाळता येणार नाही. पुन्हा कामावर जाताना मी तपासून फिटनेसचं प्रमाणपत्र देईन."

तेजल खाली बघत म्हणाली, "बुधवारपासूनचं लिहाल का? म्हणजे आधीचे तीन दिवस पण..."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मी तुम्हाला आज पाहिलं. मी आजपासूनच लिहू शकते."

"मग त्या दिवसांचं काय सांगू?"

"ते तुमच्या प्रमाणपत्रात नाही बसणार. ते तुम्हालाच सांगावं लागेल."

रविवारी संध्याकाळी तेजल वही घेऊन बसली. फोनवरच्या अर्जात शंभर अक्षरंच मावतात म्हणून तिला कागदावरच लिहायचं होतं. चार पानं फाडली. शेवटी एक कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर लिहिलं होतं: "माझी आजी पडलेली नाही. मी खोटं सांगितलं, कारण खरं कारण कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. मी आजारी आहे. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आहे."

वाचताना माझा हात टेबलावरच्या पेनाकडे गेला. खोटं हा शब्द खोडून 'चुकीची माहिती' करावं, असं मनात आलं होतं. सवय. तेजलनं माझ्या हाताकडे पाहिलं. मी पेनाला टोपण लावलं.

सोमवारी मीही तिच्याबरोबर लोणावळ्याला गेले. "तू बाहेर बस," असं तिनं गाडीत तीनदा बजावलं. लोकलच्या डब्यात आमच्यासमोर दोन बायका पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. कान्हे स्टेशन गेलं तेव्हा तेजलनं माझा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

रिसॉर्टच्या दारातले लोक तिला "गुड मॉर्निंग मॅम" म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून गोंधळले. सगळ्यांना माझा मोडलेला खुबा माहीत होता. एक सफाईवाली बाई तर जवळ येऊन म्हणाली, "अगं बया, आजी चालाय पन लागल्या! देवच पावला की." मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मी लॉबीतल्या मऊ कोचावर बसले, त्यात इतकी खोल गेले की माझे पाय अधांतरी राहिले, लहान मुलासारखे.

धवलची काचेची केबिन समोरच होती. तो बाहेर आला, मला पाहिलं, क्षणभर उभा राहिला. मग म्हणाला, "आजी, तुम्हीही आत या. बाहेर बसून तुमची सगळे चौकशी करतील."

आत त्यांच्या मनुष्यबळ विभागाची आसावरी बसली होती, समोर लॅपटॉप उघडून. चहा आला, कुणी घेतला नाही. तेजलनं कागद पुढे केला. धवलनं वाचला आणि आसावरीकडे दिला.

मी म्हणाले, "धवल, एक सांगते. घरगुती अडचण लिही, असं मी तिला सांगितलं. ते शब्द माझे आहेत." तेहतीस वर्षं उशिरा, आणि दुसऱ्याच दारात.

"आजी," तो म्हणाला, "खुबा मोडला असं तुम्ही नाही सांगितलंत." आणि तेजलकडे वळला. "मी इथं सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्या आईलाही सांगितलं. आईनं तुझ्या आजीसाठी देवापुढे दिवा लावला, माहितेय?"

"सॉरी सर."

"मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होते? काही झालंच नव्हतं."

"तरी. काय होतंय ते तर सांगायचं."

तेजल टेबलाच्या काठावरून बोट फिरवत राहिली. आसावरी म्हणाली, "तुला सांगायचं नसेल तर नको. प्रमाणपत्र आहे. रजेसाठी तेवढं पुरेसं आहे." ती हे खरंच कागद बघून बोलत होती, पण तेजलला त्यानं आधार वाटला असावा.

"रजेच्या आधीच्या शनिवारी," ती म्हणाली, "एक फॅमिली आली. मी चावी हातात घेतली. दोनशे चौदा. मला अंक दिसत होते, पण ते कुठल्या खोलीचे ते कळत नव्हतं. सहा वर्षं मी इथं आहे, सर. ते गृहस्थ म्हणाले, मॅडम, झोपेत आहात का? सगळे हसले. मीही हसले. मग मी चादरींच्या स्टोअरमध्ये जाऊन बसले. रोज बसते. रिसेप्शनवरचा विक्की मला शोधत आला की मी चादरी मोजतेय असं दाखवते." ती थांबली. "बस. एवढंच आहे. सांगितलं की किती छोटं वाटतं."

बाहेर रिसेप्शनवरचा फोन वाजला. तो काचेतूनही ऐकू आला आणि तेजलचे खांदे वर गेलेले मला दिसले. मला वाटतं धवललाही दिसले. त्यानं उठून केबिनचं दार नीट लावलं, जे आधीच लागलेलं होतं.

मग आसावरीनं काय काय होईल ते सांगितलं. तेजलच्या आजारपणाच्या सात रजा शिल्लक, त्या आधी जातील. मग हक्काच्या रजा, मग उरलेले दिवस बिनपगारी. प्रमाणपत्र आसावरीच्या फाइलला राहील, विभागातल्या कुणाला दाखवायचं नाही. शनिवारच्या आधीचे ते तीन खोटे दिवस बिनपगारी, आणि खोटं कारण दिल्याबद्दल लेखी समज. "ती मला द्यावीच लागेल तेजल," आसावरी म्हणाली. तेजल म्हणाली, "द्या." तिच्या तोंडावर लाज होती, पण शुक्रवारी होती ती नव्हे. ही लाज तिच्या मापाची होती.

"तीन आठवडे म्हणजे नाताळ गेला," धवल कॅलेंडरकडे बघत म्हणाला. "फुल्ल आहोत आपण. कुणालाच रजा देत नाहीये मी." त्यानं कपाळ चोळलं. "ठीक आहे. बघतो. आपल्या नाशिक फाट्याच्या हॉटेलातून कुणी मिळतंय का बघतो." तो खूश नव्हता आणि त्यानं तसं दाखवायचंही टाळलं नाही. मग त्यानं पेन उचललं. त्याच्यामागे भिंतीवर महिन्याचा ड्यूटी-चार्ट होता, तेजलच्या नावापुढे त्या दिवसापासूनचे सगळे चौकोन रिकामे. "बाकीच्यांना काय सांगू? सगळे विचारणार. इथं घरगुती अडचण लिहितो, चालेल ना?"

त्यानं चांगुलपणानंच विचारलं होतं. मीही चांगुलपणानंच सांगितलं होतं.

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. हे माझं नव्हतं.

"नको सर," तेजल म्हणाली. "घरात काही अडचण नाही. आजारी आहे म्हणून लिहा."

त्यानं लिहिलं. आजारी. पहिल्या रिकाम्या चौकोनात, आणि मग रजेच्या शेवटच्या दिवसापर्यंत एक बाण.

त्याला आता दोन आठवडे झाले. तेजल झोपते. परवा जेवताना तिनं दुसऱ्यांदा आमटी मागितली. डॉक्टर म्हणतात, घाई नको. ती कामावर जाईल की आणखी रजा लागेल ते अजून माहीत नाही. माझा फोन मात्र मी आवाज बंद करून ठेवते.

काल ती म्हणाली, "आजी, नंदाबाई अजून परंदवडीलाच असतात का?"

असतात. दहा-बारा वर्षांपूर्वी इंदुरीच्या एका लग्नात त्या मला भेटल्या होत्या. केस पांढरे, हातात नातवंड. वाकून नमस्कार केला आणि सुनेला म्हणाल्या, "ह्या आमच्या मोठ्या बाई. लय चांगल्या होत्या." मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या बोलण्यात कुठं टोमणा आहे का ते मी शोधलं. नव्हता.

"सोमाटण्यापर्यंत बसनं जाऊ, पुढं रिक्षा करू," तेजल म्हणाली. "मी येते बरोबर. बाहेर बसेन हवं तर."

मी म्हणाले, या आठवड्यात माझे पाय दुखताहेत.

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.